वीस हजार भाड्यातले हातात किती?

प्रश्न : गेल्या वर्षी निवृत्त झालो, वय ६१. पाचपाखाडीला स्वतःचं घर आहे, कर्ज नाही, पण पेन्शनही नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी धरून ७५ लाख बाजूला आहेत. महिन्याला तीस हजार तरी यावेत. घोडबंदर रोडला कासारवडवलीत रीसेलचा वन बीएचके ६६ लाखांना मिळतोय, भाडं वीस हजार येईल असं एजंट म्हणतो. मुलगा म्हणतो, फ्लॅटच्या भानगडीत पडू नका, रीट घ्या. मला त्यातलं काही कळत नाही. काय करू?

उत्तर : आधी फ्लॅटचा हिशेब करू, कारण तो सगळ्यांना पाठ आहे असं वाटतं आणि बहुतेकांचा चुकतो. मी नौपाड्यात बावीस वर्षं लोकांची रिटर्न भरतोय. दर जुलैत कुणी ना कुणी भाड्याचा करारनामा घेऊन येतो आणि "महिन्याचे वीस" सांगतो. मी त्याला पासबुक मागतो. करारनाम्यातले वीस आणि पासबुकातले वीस क्वचितच जुळतात.

६६ लाख ही झाली कराराची रक्कम. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा एक टक्का धरून सात टक्के, म्हणजे ४ लाख ६२ हजार. रेडी रेकनरचा भाव जास्त निघाला तर त्यावर. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम २५ हजार, महापालिका हद्दीत त्याहून जास्त मागता येत नाही. एजंटचा एक टक्का ६६ हजार. वकिलाकडून टायटल बघून घ्यायचे आणि कागदपत्रांचे वीसेक हजार. रीसेलचा फ्लॅट आहे, तेव्हा रंग, किचनच्या ट्रॉल्या, गिझर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या यात सव्वा लाखाच्या आसपास जातील; मी १ लाख २० हजार धरतो. बेरीज ७३ लाख २३ हजार. तुमचे ७५ लाख तिथेच संपले. आणि यातले सव्वासात लाख असे आहेत की उद्या फ्लॅट विकायला काढलात तर गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देणार नाही.

(स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतला तर ड्युटीत एक टक्का सवलत आहे. एजंट हे आवर्जून सांगेल. पैसे तुमचे आणि नाव बायकोचं असेल, तर आयकराच्या लेखी भाडं मात्र तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, हे तो सांगणार नाही.)

आता भाडं. वीस हजारांनी वर्षाचे २ लाख ४० हजार. अकरा महिन्यांचा करार, मग एक नूतनीकरण, मग भाडेकरू बदलला, मधे रंग, मधे गिऱ्हाइकांना दाखवणं. सरासरीने वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जातो असं मी धरतो, म्हणजे २० हजार वजा. दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला १० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स तीन हजार महिना धरा, वर्षाचे ३६ हजार. तो मालकानेच भरायचा असतो. भाडेकरू ठेवलात की सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, ते यातच धरलेत. महापालिकेचा कर ६ हजार. कराराची नोंदणी आणि स्टॅम्प २ हजार. दुरुस्तीला वर्षाचे १२ हजार. एकूण ८६ हजार गेले, उरले १ लाख ५४ हजार. महिन्याचे तेरा हजारही नाहीत. ७३ लाखांवर २.१ टक्के.

आणि सुरुवातीला जे सव्वासात लाख उडाले, ते या वेगाने भरून यायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील.

दुरुस्तीचे १२ हजार जास्त वाटत असतील तर माझ्यावरचीच गोष्ट सांगतो. घोडबंदर रोडलाच माझा एक छोटा फ्लॅट आहे. भाडेकरू, एक तरुण जोडपं, मे महिन्यात सोडून गेलं. कुरबूर नाही, डिपॉझिट चोख परत दिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्यांचा फोन, "तुमच्या बाथरूममधून आमच्या सिलिंगला ओल येतेय." रविवारी चावी घेऊन गेलो. वरून सगळं कोरडं, भिंतीवर भाडेकरूंचा ब्रश ठेवायचा प्लास्टिकचा स्टँड तसाच चिकटलेला. प्लंबरने फरशीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत कोपऱ्यापर्यंत नेलं, तिथे आवाज पोकळ आला. नहाणी ट्रॅपचा सांधा गेला होता. फरशी फोडली, वॉटरप्रूफिंग केलं, पाणी भरून ठेवून तपासलं, खालच्यांचं सिलिंग रंगवून दिलं. ४८ हजार गेले आणि पावसाळ्यात काम रेंगाळून तीन महिने भाडं बुडालं. त्या वर्षी माझ्या फ्लॅटने मला बँकेच्या बचत खात्याइतकंसुद्धा दिलं नाही.

म्हणून तुम्ही तो फ्लॅट बघायला गेलात तर खालच्या मजल्यावरचा दरवाजा वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं सिलिंग बघू द्या म्हणून विनंती करा. आणि वीस हजाराचा आकडा एजंटकडून घेऊ नका. सोसायटीच्या ऑफिसात लिव्ह अँड लायसन्सच्या प्रती जमा असतात. त्याच विंगमधल्या वन बीएचकेला सध्या काय भाडं चाललंय, हे सेक्रेटरी सहज सांगतो.

"पण भाव वाढेल ना?" हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. कासारवडवलीचा एजंट मेट्रो चार दाखवणारच. ती मेट्रो दाखवून २०१८ पासून फ्लॅट विकले जातायत, त्यामुळे तिची बरीचशी किंमत तुमच्याकडून मागितलेल्या ६६ लाखांत आधीच धरलेली आहे. भाव वाढेलही. पण तुम्ही विचारलंय महिन्याच्या पैशाचं, आणि वाढलेल्या भावातून विजेचं बिल भरता येत नाही.

आता रीट. तुम्ही ठाण्याहून वाशीच्या लोकलने गेला असाल तर रीटच्या मालमत्तेशेजारून गेला आहात. ऐरोलीचं माइंडस्पेस हे माइंडस्पेस बिझनेस पार्क्स रीटचं आहे. सीवूड्स-दारावे स्टेशनवरचा मॉल नेक्सस सिलेक्ट ट्रस्टचा. अशा भाड्याने दिलेल्या इमारती एका ट्रस्टमध्ये घालून त्याची युनिट शेअर बाजारात विकली जातात, ती तुम्ही डिमॅट खात्यात घेता. सेबीचे नियम २०१४ चे, पहिला रीट एम्बसी ऑफिस पार्क्स, बाजारात आला २०१९ मध्ये. पूर्वी किमान पन्नास हजारांचा वगैरे लॉट घ्यावा लागे, २०२१ पासून एक युनिटसुद्धा घेता येतं. दोन नियम तुमच्या कामाचे आहेत : मालमत्तेपैकी किमान ८० टक्के तयार आणि भाडं देणारी हवी, आणि वाटता येण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावीच लागते. सहा महिन्यांतून एकदा वाटलं तरी कायद्याने चालतं, प्रत्यक्षात हे मोठे रीट दर तिमाहीला वाटतात.

मुलगा तुम्हाला म्हणेल, "बाबा, साडेपाच-सहा टक्के मिळतात." आकडा खोटा नाही. पण तो एक गोष्ट सांगायची विसरेल, आणि माझ्या टेबलापलीकडे बसणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती माहीत नसते : रीटकडून येणारा सगळा पैसा हे उत्पन्न नसतं.

समजण्यापुरतं एक युनिट ४०० रुपयांचं घेऊ. तिमाहीला ५ रुपये ५० पैसे आले, वर्षाचे २२, म्हणजे साडेपाच टक्के. प्रत्येक वाटपाच्या वेळी रीट एक कोष्टक देतो. त्यात हे साडेपाच रुपये फोडून दाखवलेले असतात. समजा लाभांश २.७५, व्याज १.२५ आणि तिसऱ्या ओळीत कर्जाची परतफेड १.५०. ही तिसरी ओळ कुठून आली? प्रत्येक इमारत किंवा कॅम्पस एका वेगळ्या कंपनीच्या नावावर असतो, रीट त्या कंपनीचा मालक असतो आणि त्याच कंपनीला कर्जही देतो. कंपनी भाडं गोळा करते. त्यातून ती रीटला व्याज देते आणि नफ्यातून लाभांश देते. पण इमारतीवर घसारा धरावा लागत असल्याने पुस्तकी नफा हातातल्या रोख रकमेपेक्षा कमी दिसतो. लाभांश वाटायला नफा पुरत नाही, रोकड तर पडून आहे. मग ती रोकड रीटच्या कर्जाची परतफेड म्हणून वर पाठवली जाते आणि तुमच्यापर्यंत येते.

यात लबाडी नाही. फक्त आयकर खातं त्या दीड रुपयाला तुमचंच भांडवल तुम्हाला परत मिळालं असं समजतं. त्यावर त्या वेळी साधारणपणे कर नाही, पण तुमची खरेदी किंमत तेवढी घटते. वर्षाला ६ रुपये या हिशेबाने दहा वर्षांनी ४०० चे ३४० होतात. युनिट ४५० ला विकलंत तर नफा ५० नाही, ११० धरला जाईल. बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या युनिटवर साडेबारा टक्क्यांनी कर लागतो आणि पहिला सव्वा लाख सुटतो, त्यामुळे आभाळ कोसळत नाही. पण दहा वर्षांची कोष्टकं जपून ठेवली नसतील तर हिशेब कोण करणार? मी करतो, आणि त्याची वेगळी फी घेतो.

फ्लॅटमध्ये घातले असते तेच ७३ लाख या हिशेबात घाला. ४०० ने १८,२५० युनिट, वर्षाचे ४ लाख १ हजार ५००. महिन्याला साडेतेहतीस हजार. यातली परतफेडीची ओळ, १ लाख ९ हजार ५००, बाजूला काढा. उरतात २ लाख ९२ हजार, म्हणजे बरोबर चार टक्के, महिन्याला चोवीस हजारांवर. फ्लॅटच्या २.१ टक्क्यांशी तुलना करायची ती या चाराची, साडेपाचाची नाही. तरीही जवळजवळ दुप्पट, आणि प्लंबर नाही.

ओळींचं प्रमाण रीटगणिक वेगळं असतं, कुठे लाभांशच जास्त, कुठे व्याज आणि परतफेड जास्त. घेण्याआधी मागच्या आठ तिमाह्यांची कोष्टकं त्यांच्या संकेतस्थळावरून काढून बघा. व्याजाची ओळ तुमच्या उत्पन्नात स्लॅबप्रमाणे धरली जाते. लाभांशाची ओळ बऱ्याचदा करमुक्त असते, पण खालच्या कंपनीने सवलतीच्या दराची करपद्धत स्वीकारली असेल तर तोही करपात्र. करपात्र भागावर दहा टक्के टीडीएस कापूनच पैसे येतात. तुमचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, तेव्हा नव्या करपद्धतीत नेहमीच्या उत्पन्नावर काही भरावं लागणार नाही, पण कापलेला टीडीएस परत मिळवायला रिटर्न भरावंच लागेल.

आता रीट कुठे दुखावतो ते. एम्बसीचा मूळ इश्यू ३०० रुपयांना होता, २०१९ मध्ये. २०२३ मध्ये भाव पुन्हा ३०० च्या आसपास होता. चार वर्षं वाटप येत राहिलं, पण मुद्दल जागच्या जागी. मधल्या काळात ज्यांनी चारशेच्या वर घेतलं होतं त्यांचं मुद्दल कागदावर पाव भागाने घटलेलं दिसत होतं. कारणं दोन. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. रीटचं स्वतःचं कर्ज महागलं आणि मुदत ठेवींचे दर वाढल्यावर लोकांनी रीटकडूनही जास्त टक्के मागितले, म्हणजेच भाव कमी दिला. दुसरं कारण रिकामी ऑफिसं. आयटीच्या एसईझेड इमारतींमध्ये नव्या युनिटांना मिळणारी करसवलत मार्च २०२० नंतर बंद झाली, त्याच सुमाराला सगळे घरून काम करायला लागले. एसईझेडमधली जागा बिगर-एसईझेड कंपनीला देता येत नाही, त्यामुळे मजले रिकामे पडून राहिले. ऐरोलीसारख्या कॅम्पसना ही झळ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये मजल्यानुसार जागा एसईझेडमधून बाहेर काढायची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे गाडी हलली.

म्हणून दर तिमाहीला भाव बघत बसू नका, दोन आकडे बघा. एक, किती टक्के जागा भाड्याने गेली आहे. तो सलग तीन-चार तिमाह्या उतरत असेल तर पुढच्या वर्षी वाटप घटणार. दुसरा, मालमत्तेच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती. नियमाने मर्यादा ४९ टक्के आहे आणि २५ च्या वर जायचं तर युनिटधारकांची मंजुरी आणि पतमानांकन लागतं. मला तिशीच्या खालचं कर्ज बरं वाटतं. परतफेडीची ओळ फुगतेय आणि बाहेरचं कर्जही चढतंय, असं दोन्ही एकदम दिसलं तर समजा की एका हाताने उसने घेऊन दुसऱ्या हाताने वाटप चाललंय. तिथून मी बाहेर पडेन.

महिन्याच्या पैशाबद्दल एक गैरसमज. तीन-चार वेगवेगळे रीट घेतले की दर महिन्याला कुणाचं तरी येईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. सगळ्यांचे तिमाही निकाल एकाच सुमाराला लागतात आणि पैसे साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरमध्येच येतात. ते एका वेगळ्या बचत खात्यात येऊ द्या आणि तिथून घरखर्चाच्या खात्याला दर एक तारखेला ठरावीक रक्कम वळती करायची सूचना बँकेला देऊन ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर? फ्लॅट घेतला नसता. पण ७५ च्या ७५ लाख रीटमध्येही घातले नसते, कारण भाव पाव भागाने पडलेला बघून झोप लागायला ज्या सवयी लागतात त्या पीएफवर आयुष्य काढलेल्या माणसाला नसतात. सीनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीममध्ये एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५-२६ मध्ये दर ८.२ टक्के होता. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याचे साडेवीस हजार. जे भाडं मिळवायला ७३ लाखांचा फ्लॅट घेणार होतात, तेवढं ३० लाखांत आलं. त्यातला दोष एवढाच की पाच वर्षं ते साडेवीस हजार साडेवीसच राहतात, आणि तोवर दूध आणि औषधं थांबत नाहीत.

वाढणारा भाग रीटकडून घ्यायचा. ऑफिसच्या करारांत दर तीन वर्षांनी पंधरा टक्के भाडेवाढ हे आपल्याकडे रूढ कलम आहे, त्यामुळे जागा भरलेल्या राहिल्या तर वाटप हळूहळू चढतं. यात २५ लाख, एक ऑफिसांचा रीट आणि एक मॉलचा, दोन्ही एकदम न घेता वर्षभरात चार हप्त्यांत. वरच्याच हिशेबाने महिन्याचे साडेअकरा हजार येतील, त्यातले सव्वाआठ-साडेआठ खरं उत्पन्न समजा आणि बाकीचे वर्षअखेरीला पुन्हा युनिटमध्ये घाला. दोन्ही मिळून खरं उत्पन्न एकोणतीस हजारांच्या जवळपास होतं; तुमच्या तीस हजारांना कमी पडणारे हजार-बाराशे मुदत ठेवीच्या व्याजातून काढा. उरलेले २० लाख दोन बँकांत मुदत ठेवीत, हॉस्पिटलसाठी आणि तुम्ही विचारलं नसलंत तरी मुलाच्या लग्नासाठी.

फ्लॅट घ्यायला मी एकाच परिस्थितीत हो म्हटलं असतं : मुलगा पाच-सात वर्षांनी तिथे राहायला जाणार असेल तर. तेव्हा भाडं हा वरखर्चाचा विषय होतो आणि घर हा मुख्य. मग मात्र लिव्ह अँड लायसन्स नोंदवूनच करा, पोलिसांना कळवा. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाचीच आहे, आणि नोंदलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. नोंदलेल्या करारात मुदत संपूनही तो हलला नाही तर दुप्पट दराने भरपाई मागता येते.

आणखी एक. मुलगा एखाद्या अ‍ॅपवर एकाच इमारतीतला हिस्सा दाखवेल, किमान दहा लाखांचा. तो लहान रीटचा वेगळा प्रकार आहे, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. एकच इमारत, त्यात एक-दोन भाडेकरू कंपन्या. एक गेली की वाटप निम्म्यावर. वर मी जे सांगितलं ते त्याला लागू नाही.

डिमॅट उघडताना नॉमिनी घाला आणि बँक खातं चालू असलेलंच जोडा, वाटप थेट तिथेच जमा होतं. सुरुवात म्हणून या तिमाहीत फक्त शंभर युनिट घ्या. पहिलं वाटप आलं की ईमेलमधलं कोष्टक छापून फाइलला लावा, तिसऱ्या ओळीखाली पेनने रेघ मारा, आणि एजंटला टोकन द्यायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.